पाच शेंगा आणि कढीपत्त्याची पिशवी

जानेवारीतला शनिवार, सकाळचे नऊ. न्यू जर्सीतल्या एडिसनचा ओक ट्री रोड, रस्त्याच्या कडेला काळपट पडलेला बर्फ. वाणसामानाच्या दुकानात मागच्या भिंतीला भाजीचे फ्रीज आहेत. तिथे कारली आणि तोंडल्यांच्या मधोमध रबर लावलेल्या शेवग्याच्या शेंगांची पेंढी होती आणि खालच्या खणात कढीपत्त्याच्या पिशव्या. गोठवलेल्या शेंगांचे तुकडे इथे बारा महिने मिळतात. ताज्या लांब शेंगा मात्र दिसतील त्या दिवशी घ्यायच्या. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शेंगांवर धरला.

"उचलून वाकव," आई म्हणाली. "नुसती बघत बसू नकोस."

मंडईत शेंग घेताना ती हेच करायची. भाजीवालीने पुढे केलेली पेंढी बाजूला ठेवून एकेक शेंग दोन टोकांना धरायची आणि धनुष्यासारखी वाकवायची. ताजी शेंग थोडी वाकते आणि मग कट्‌कन मोडायला बघते. जून शेंग वाकतच नाही, काठीसारखी ताठ राहते. तिसरा प्रकार पुण्यात सहसा दिसत नाही, पण इथे नेहमी दिसतो. ही शेंग दोरीसारखी हवी तशी वाकते, मोडत मात्र नाही. ती कोवळी आहे असं वाटून मी पूर्वी एकदा फसले आहे. ती कोवळी नसते, प्रवासात आणि फ्रीजच्या कोरड्या हवेत तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. शिजवली की गर उरत नाही, नुसता चोथा हातात येतो.

वाकवून झाल्यावर जाडी बघायची. करंगळीएवढ्या जाडीची शेंग आमटीला उत्तम. पेन्सिलीसारखी बारीक असेल तर गर भरलेला नसतो. अंगठ्याएवढी जाड असेल आणि बोट फिरवल्यावर बियांचे उंचवटे मण्यांच्या माळेसारखे लागत असतील, तर आत बिया कडक झालेल्या असतात. शेवटी कापलेलं टोक. ते वाळून तपकिरी झालेलं असणारच, कारण तोडून बरेच दिवस झालेले असतात. तेवढ्यावरून शेंग टाकायची नाही. पण टोकापासून बोटभर आतपर्यंत साल सुरकुतली असेल किंवा अंगावर ओलसर खड्डे पडले असतील तर ठेवून द्यायची. ते खड्डे फार थंडीत राहिल्याचे असतात आणि घरी आणल्यावर तिथूनच बुळबुळीतपणा सुरू होतो.

दुकानदाराने रबर काढून निवडू दिलं, हे नशीबच. नवांपैकी पाच घेतल्या. वजन एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि किंमत पाच डॉलर.

कढीपत्त्याची गोष्ट निराळी. वाकवायला, चुरडायला तो हातात येत नाही, बंद पिशवीतून पारखावा लागतो. पिशवी उलटी करून तळ बघायचा. वरची पानं सगळ्यांचीच हिरवी असतात, काळं पडायला सुरुवात खाली होते, जिथे वाफेचं पाणी साठतं. मग पिशवी हलकेच झटकायची. पानं देठापासून सुटून तळाशी जमत असतील तर तो शिळा. डहाळीला घट्ट धरून असलेली पानं थोडी मळकट दिसली तरी चालतील. पहिल्या दोन पिशव्यांच्या आतून थेंब जमले होते. तिसरी कोरडी होती, सात डहाळ्यांची. दीड डॉलर.

"म्हणजे वर घालून नाही दिला?" आईने विचारलं.

पुण्यात कढीपत्ता विकत घेतल्याचं मला आठवत नाही. भाजी घेऊन झाली की "वर थोडा कढीपत्ता घाला" म्हणायचं, आणि तेही नाही जमलं तर सोसायटीच्या मागच्या झाडाच्या दोन डहाळ्या तोडून आणायच्या. त्यामुळे इथे येणारा प्रत्येक जण पहिल्या खेपेला बॅगेतून कढीपत्ता आणायचा प्रयत्न करतो, आणि तो विमानतळावर तपासणीत काढून घेतला जातो. माझाही गेला होता. तेव्हा चिडचिड झाली, पण कारण कळल्यावर राहिली नाही.

कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. विदर्भातले संत्रा बागायतदार ज्या किडीला सायला म्हणतात, ती याच्याही कोवळ्या पालवीवर अंडी घालते. संत्र्याच्या झाडाला सिट्रस ग्रीनिंग नावाचा रोग होतो, त्याचे जिवाणू ही कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोग लागलेल्या झाडाची फळं हिरवट, वाकडी, कडवट राहतात. झाड हळूहळू जातं आणि त्यावर औषध नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची धूळधाण झाली. कॅलिफोर्नियात कीड २००८ मध्ये आणि रोग २०१२ मध्ये सापडला. म्हणून ताज्या पानांची जुडी सामानातून आणता येत नाही, आणि अमेरिकेतल्या अमेरिकेतही कढीपत्त्याचं रोप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्यावर बंधनं आहेत. ज्यांना कुंडीत लावायचा आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इथल्या रोपवाटिकांत 'करी प्लँट' नावाचं करड्या, सुईसारख्या पानांचं झुडूप मिळतं. त्याला मसाल्यासारखा वास येतो, पण ते कढीपत्ता नव्हे. फोडणीत घातलं तर कडू लागतं.

आईने दिलेला गोडा मसाला मात्र बॅगेतून आला होता. कोरडा, भाजलेला, कुटलेला, त्यामुळे जाहीर करून आणता आला. आमटी ठरली ती त्या डब्यामुळे.

घरी आल्यावर आधी कढीपत्ता, शेंगांना घाई नसते. डहाळ्या धुवायच्या नाहीत. धुतलेला कढीपत्ता फ्रीजमध्ये चार दिवसांत काळा होतो. पिशवीतून काढून कागदी टॉवेलवर पसरायचा, डाग पडलेली पानं खुडून टाकायची आणि तासभर तसाच ठेवायचा. हात लावल्यावर ओल लागत नाही असं झालं की दोन वाटण्या करायच्या. या आठवड्यात लागतील त्या तीन डहाळ्या कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात, आणि डबा फ्रीजच्या दारातल्या खणात. मागच्या भिंतीशी ठेवला तर तिथली थंडी पानांना सोसत नाही, कडा काळ्या पडतात. अशी पानं दहा-बारा दिवस नीट राहतात. उरलेल्या चार डहाळ्या पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधला कढीपत्ता बाहेर काढून ठेवायचा नाही, थेट तेलात टाकायचा. ओट्यावर पाच मिनिटं राहिला तरी पानं मलूल आणि काळी होतात. रंग थोडा उतरतो, वास दोन-तीन महिने टिकतो. मायक्रोवेव्हमध्ये वाळवलेली पानं हिरवीगार दिसतात, पण त्यांना वास बेताचाच. चटणीला चालतील, फोडणीला नाहीत.

मग शेंगा. तीन शेंगा आजच्या आमटीला, दोन राखून. तीन शेंगांना अर्धी वाटी तूरडाळ पुरते, तीन माणसांचं जेवण होतं. डाळ धुऊन अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली, कारण इथल्या पाकिटातली डाळ किती जुनी आहे ते कळायला मार्ग नसतो आणि जुनी डाळ न भिजवता शिजवली तर वरण फुटल्यासारखं दिसतं. भिजलेल्या डाळीत दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकर लावला. मीठ घातलं नाही.

शेंग धुऊन टोकाकडून कापायला घेतली. सुरी आरपार न नेता पलीकडची साल अखंड ठेवून तुकडा खाली ओढला की तिच्याबरोबर एक लांब शीर निघून येते. शेंग फिरवून पुढचा तुकडा दुसऱ्या बाजूने. अशा निघतील तेवढ्याच शिरा काढायच्या. सोलाणं घेऊन सगळी साल काढली तर शेंग शिजताना उकलते, गर आमटीत जातो आणि ताटात नुसते दोरे येतात. तुकडे बोटभर लांब. एका शेंगेचे साधारण आठ झाले. पहिल्या शेंगेचा छेद डोळ्यांजवळ धरून बघितला. तीन कोनांची पांढरी, ओलसर चौकट आणि मधे फिकट हिरवी मऊ बी, तिला पातळ पापुद्र्याचे पंख. पंख तपकिरी आणि कडक झाले असतील तर शेंग जून समजायची. दोन शेंगा छान निघाल्या. तिसरीच्या जाड टोकाकडे मात्र दोन तुकड्यांत बियांचं कवच धरायला लागलं होतं.

"जिभेला लाव," आई म्हणाली. ती स्वयंपाकघरात स्टूल ओढून फोन डब्याला टेकवून बसली होती.

प्रत्येक शेंगेचा गर नखाने काढून चाटायचा. काही झाडांच्या शेंगा मुळातच कडवट असतात आणि ते वरून दिसत नाही. एक कडू शेंग पातेलंभर आमटी बिघडवते, मग गूळ वाढवूनही उपयोग होत नाही. पुण्यात एखादी कडू शेंग लागली तर टाकून देतात आणि दुसऱ्या दिवशी भाजीवालीला ऐकवतात. इथे ऐकवायला कोणी नाही, त्यामुळे चाखणं जास्त महत्त्वाचं. तिन्ही गोड होत्या.

शेंगा डाळीबरोबर कुकरमध्ये घालायचा मोह टाळावा. डाळीला तीन शिट्ट्या लागतात, शेंगेला एकच जास्त होते. वेगळ्या पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळलं, अर्धा चमचा मीठ घातलं, चोवीस तुकडे टाकले आणि झाकण ठेवलं. मंडईतल्या शेंगेला दहा मिनिटं लागायची. या शेंगांना पंधरा लागली, आणि जाड टोकाच्या त्या दोन तुकड्यांना अठरा. शिजल्याची खूण रंगात नाही, दाबण्यात आहे. चमच्याच्या पाठीने तुकडा हलकेच दाबला की तो लांबीत तीन फाकांवर उकलायला बघतो, पण उकलत नाही. त्या क्षणी पातेलं शेगडीवरून खाली. फाका आपोआप सुटल्या म्हणजे दोन मिनिटं उशीर झाला. हे पाणी ओतून द्यायचं नाही, शेंगेची चव त्यातच उतरलेली असते.

इथे लोकांचं बहुतेक वेळा बिघडतं ते चिंचेमुळे. माझ्या पहिल्या खेपेला मी शेंगा, डाळ आणि चिंचेचा कोळ एकत्र उकळत ठेवला होता. पंचवीस मिनिटांनीही शेंगा करकरीत होत्या आणि मी शेंगांनाच दोष दिला. दोष आंबटाचा होता. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन उकळत्या पाण्यात विरघळतं म्हणून भाजी मऊ होते. आंबट पाण्यात ते सहज विरघळत नाही, त्यामुळे शेंग टणक राहते. अर्धवट शिजलेली डाळही आंबटात तशीच राहते. म्हणून क्रम असा: शेंग पूर्ण शिजवायची, डाळ घोटायची, दोन्ही एकत्र करायचं आणि मग चिंच. बटाटा, सुरण घालतानाही हाच नियम.

फोडणीच्या वेळी इथल्या शेगडीची अडचण येते. विजेच्या कॉइलची शेगडी बंद केली तरी दोन-तीन मिनिटं तापलेलीच राहते. पुण्यात गॅस बंद केला की तेल तिथेच थांबतं, इथे मोहरी तडतडून झाल्यावरही जळत राहते. शिवाय छताला धुराचा भोंगा. घरच्या फोडणीच्या कढल्याचा गोल तळ कॉइलवर नीट बसतही नाही. म्हणून जाड सपाट बुडाचं लहान पातेलं घ्यायचं, शेजारी लाकडी पाट ठेवायचा, खिडकी बोटभर उघडायची आणि पंखा आधीच लावायचा.

दोन मोठे चमचे तेल, आच मध्यमच्या जरा वर. मोहरीचा एक दाणा टाकून पाहिला. तो लगेच फुटला तेव्हा अर्धा चमचा मोहरी घातली आणि झाकण धरलं. तडतड ओसरल्याबरोबर पातेलं उचलून पाटावर ठेवलं. पुढचं सगळं पाटावर, उरलेल्या उष्णतेत. आधी पाव चमचा हिंग आणि चार मेथीदाणे. मग एका डहाळीची दहा-बारा पानं, हाताने मोडून. पान अख्खं टाकलं तर वास कमी सुटतो आणि ताटात बाजूला काढायला सोपं जातं, दोन्ही नुकसानच. पानं टिपून कोरडी हवीत, ओल्या पानाने तेल हातावर उडतं. पानांचा आवाज चुर्र असा सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत मंदावतो. कडा काचेसारख्या पारदर्शक, रंग गडद हिरवा. आणखी थांबलं तर पान तपकिरी होतं आणि वास निघून जातो. शेवटी हळद, कारण ती सगळ्यांत लवकर करपते. लाल तिखट अर्धा चमचा त्याच्याबरोबरच.

"आला का वास?" आईने विचारलं. फोनमधून तिला फक्त आवाज पोहोचला होता. रविवारी सकाळी आमच्या जिन्यात तिन्ही मजल्यांचा फोडणीचा वास एकत्र यायचा आणि कोणाकडे आमटी, कोणाकडे कढी हे वर चढताना कळायचं. इथे तो खिडकीच्या बोटभर फटीतून बर्फावर गेला.

फोडणीत घोटलेली डाळ, शेंगा त्यांच्या पाण्यासकट, वर अर्धी वाटी गरम पाणी. पातेलं परत शेगडीवर. उकळी फुटल्यावर सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे चिरलेला गूळ, मीठ बेताचं कारण शेंगांच्या पाण्यात ते आधीच आहे. गोडा मसाला दीड चमचा, तोही आताच. आधी घालून बराच वेळ उकळला तर त्यातल्या दगडफूल आणि खोबऱ्याची चव मरते. फ्रीझरमधला ओला नारळ दोन चमचे. पाच मिनिटं मंद उकळी, ढवळताना डाव कडेने फिरवायचा, शेंगा मोडायच्या नाहीत. आमटी पातळच ठेवायची. डाळ ताटात बसेपर्यंत घट्ट होते.

झाकून दहा मिनिटं ठेवली. शेंगेच्या आत आंबटगोड शिरायला तेवढा वेळ लागतो, लगेच वाढली तर बाहेरची आमटी आणि आतली शेंग वेगळ्या लागतात.

उरलेल्या दोन शेंगांचे तुकडे करून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवले, गार पाण्यात काढले, फडक्यावर पुसले आणि ताटलीत सुटे गोठवून मग पिशवीत भरले. कच्च्याच गोठवल्या तर त्यांना गवतासारखा वास येतो. गोठवलेली शेंग थोडी ढिली होते, त्यामुळे तिची सुकी भाजी करू नये. आमटीला किंवा पिठल्याला चालते. न वितळवता टाकायची, आठ मिनिटं पुरतात. उरलेली आमटी फ्रीजमध्ये ठेवताना शेंगा वेगळ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी गरम करताना त्यांचे दोरे होतात.

ताटात भात, आमटी, तूप, पोह्याचा पापड. शेंग दातांमध्ये धरून ओढायची आणि चोथा ताटाच्या कडेला लावायचा. आईचं जेवण तिकडे केव्हाच झालं होतं, तरी ती बसून होती.

"बिया लागल्या का कडक?"

"दोन तुकड्यांत. ते जाड टोक."

"मग तेवढं आधीच कापून टाकायचं. गर खरवडून डाळीत घालायचा," ती म्हणाली. "आणि आता त्या दुकानात कोणत्या वारी माल येतो ते विचारून ठेव."

गुरुवारी येतो. मी विचारूनच निघाले होते.